दहा मिनिटांचं काम

प्लंबर या जमातीबद्दल आमच्या मामाला मुळातच आदर नाही. नळ ठिबकायला लागला तेव्हा तो म्हणाला, "वॉशर बदलायचा फक्त! दहा मिनिटांचं काम." मग वरचा कॉक बंद न करताच त्याने पान्हा फिरवला. नळाचं डोकं त्याच्या हातात आलं आणि पाणी छताला लागलं. मामी दारात उभी राहून शांतपणे म्हणाली, "दहा मिनिटांचंच काम होतं."

उपरोध म्हणजे बोलायचं एक आणि सांगायचं उलटं, असं आपण शाळेत शिकतो. पॉल ग्राइस हा तत्त्वज्ञही साधारण तेच म्हणायचा. पण मग मामीला सांगायचं होतं ते एवढंच, की काम दहा मिनिटांचं नव्हतं. ही बातमी घोटाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला कशाला द्यायची?

डॅन स्पर्बर आणि डिअर्ड्र विल्सन यांनी १९८१ साली याचा उलगडा केला. त्यांच्या मते मामी कामाबद्दल बोलतच नव्हती. ती मामाचंच वाक्य चिमट्यात धरून त्याला दाखवत होती. उपरोध हा प्रतिध्वनी असतो: वाक्य दुसऱ्याचं, त्याबद्दलचा तिटकारा आपला. ऐकणारा आधी पाहतो की वाक्य परिस्थितीला बसत नाही. मग हे मूळ कुणाचं, हे त्याला आठवतं, आणि बोलणाऱ्याचं त्याबद्दल काय मत असेल ते कळतं. सूर आणि भुवया मदतीला असतात, पण मामीला त्यांची गरज पडली नाही.

मूळ वाक्य ठाऊक नसलं की पंचाईत. शेजारचे काका गोंगाट ऐकून तेवढ्यात आले होते. ते मामीला समजावू लागले, "छे हो वहिनी, नळाला अर्धा तास तरी लागतोच."

नुसतं उलटं बोलून भागत नाही, हे त्याआधी ग्राइसनेही मान्य केलं होतं. काच फुटलेली गाडी दिसली आणि सोबतचा म्हणाला, "बघ, सगळ्या काचा शाबूत आहेत," तर आपण बावचळतो. मात्र त्यानेच आधी "या गल्लीत गाडी बिनधास्त लाव" असा सल्ला दिला असेल, तर तेच वाक्य आपण त्याला ऐकवू शकतो.

गंमत म्हणजे पसारा पडलेल्या खोलीत शिरून "काय टापटीप आहे!" म्हणायला आधी कुणी काही बोललेलं लागत नाही. खोली टापटीप असावी ही अपेक्षा सगळ्यांचीच असते, तिचाच प्रतिध्वनी पुरतो. नीटनेटक्या खोलीला "काय पसारा!" म्हणायचं, तर आधी कुणीतरी तशी कुरकुर केलेली हवी. म्हणूनच टोमणे बहुतेक वेळा कौतुकाच्या भाषेत येतात, आणि ज्या घरात एकमेकांचं बोलणं नीट ऐकलं जातं तिथे ते सर्वांत धारदार असतात.