बंब फिरत नाही

भाईंदर पूर्वेला मामांचं भांड्यांचं दुकान आहे. आत पाय ठेवायला जागा नाही आणि गल्ल्यात हात घातला की थेट तळ लागतो. भरलेलं दुकान ही मामांच्या मते बरकत आणि रिकामा गल्ला ही मंदी. ही दोन्ही एकाच दुखण्याची लक्षणं आहेत हे त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात बी.कॉम. मी एकटाच. त्या पदवीचा दुसरा काही उपयोग अजून कोणाला सापडलेला नाही.

"मामा, तुमचा माल वर्षातून किती वेळा फिरतो?"

"फिरायला तो काय चौपाटीवर निघालाय?"

हिशेब सोपा आहे. वर्षभरात विकलेल्या मालाची खरेदी किंमत घ्यायची आणि दुकानात सरासरी जेवढ्याचा माल पडून असतो त्या रकमेनं भागायची. मामांची विक्री तीस लाखांची आणि स्टॉक अंदाजे बारा लाखांचा, म्हणून त्यांनी लगेच तीसला बारानं भागलं आणि "अडीच!" म्हणून हात झटकले. पण विक्रीत नफा मिसळलेला असतो आणि स्टॉक मात्र खरेदीभावानं मोजलेला असतो. विकलेल्या मालाची खरेदी चोवीस लाखांची होती. स्टॉकही फक्त ३१ मार्चचा नको, नाहीतर दिवाळीआधी छतापर्यंत लागलेली थप्पी हिशेबातून सुटते. महिनावार सरासरी काढली तर तीही बारा लाखच आली. चोवीस भागिले बारा, म्हणजे दोन. दुकानात आलेलं भांडं सरासरी सहा महिने मुक्काम करतं. जावईसुद्धा एवढा राहत नाही.

पण भांडं विकलं जायची वाट कारखानदार कशाला बघेल? २००६ च्या कायद्यानुसार छोट्या उत्पादकाचे पैसे पंधरा दिवसांत द्यायचे, लेखी करार असेल तर फार तर पंचेचाळीस. २०२३-२४ पासून तर ही मुदत चुकली की तो खर्च प्राप्तिकरात धरला जातो तो पैसे द्याल त्या वर्षी. म्हणजे पंचेचाळिसाव्या दिवशी पैसे गेले, भांडं मात्र फळीवरच. पुढचे साडेचार महिने मामांची ओव्हरड्राफ्टवर गुजराण.

मग आम्ही मालाचे दोन ढीग केले. पहिल्यात डबे, पातेली, ताटं, वाट्या. स्टॉक चार लाखांचा, वर्षाला खपतो वीस लाखांचा. पाच फेऱ्या. दुसऱ्यात समया, घंगाळं, मखमली पेटीतले डिनर सेट आणि तांब्याचे बंब. स्टॉक आठ लाखांचा, खपतो चार लाखांचा. अर्धी फेरी! म्हणजे आज आणलेला बंब दोन वर्षांनी निघणार. वन बीएचकेच्या बाथरूममध्ये एक तर बंब मावेल किंवा माणूस.

"पण बंबावर रुपयाला साठ पैसे सुटतात," मामा म्हणाले, "डब्यात अठराच."

फसगत इथंच आहे. डब्याचे अठरा पैसे वर्षातून पाचदा येतात, म्हणजे अडकलेल्या रुपयामागे नव्वद. बंबाचे साठ पैसे यायला दोन वर्षं लागतात, म्हणजे वर्षाला तीस, आणि त्यातले बारा ओव्हरड्राफ्टचं व्याज खातं. भरीस भर म्हणजे धनत्रयोदशीच्या आठवड्यात पाच किलोचा डबा मागणारं गिऱ्हाईक "संपलाय" ऐकून समोरच्या दुकानात जातं, कारण डब्यांचे पैसे बंबात उकळत बसलेले असतात.

गंमत अशी की स्टीलच्या भांड्यांचे कारखाने भाईंदर पूर्वेतच आहेत. सकाळी फोन केला तर दुपारी टेम्पो दारात. असं असून मामा पातेलीही ढिगानं घेतात, कारण एकदम उचलली की किलोमागे दहा रुपये सुटतात. सुटलेले दहा दिसतात, अडकलेले हजार दिसत नाहीत.

शेवटी ठरलं की प्रत्येक खोक्यावर खरेदीची तारीख मार्करनं लिहायची आणि वर्ष उलटलेला माल दहा टक्के तोट्यात का होईना काढायचा. चार लाखांच्या मालाचे तीन लाख साठ हजार आले. त्यांचे सगळेच डबे आणायला निघालेल्या मामांना मी अडवलं. गिऱ्हाईक परत जातं तेवढाच माल वाढवायचा, उरलेल्यातून ओव्हरड्राफ्ट कमी करायचा. नाहीतर वर्षभरात डब्यांचाच बंब होतो.

एक बंब मात्र मामांनी सोडला नाही. "लोक त्याला बघायला आत येतात आणि चमचे घेऊन जातात. तो विकायचाच नाही."

"मग स्टॉकमधून काढा," मी म्हटलं, "आणि फर्निचरमध्ये लिहा."