उठता उठता

जमिनीवर बसण्याआधी मी हल्ली खोलीची पाहणी करते. भिंत किती लांब आहे, सोफ्याचा हात पोहोचेल का, शेजारच्या बाईंचा खांदा कितपत भरवशाचा आहे. केस पिकले तेव्हा लगेच कळलं होतं, कारण ते सगळ्यांनी आवर्जून सांगितलं. उठण्याचं तसं झालं नाही. मांड्यांनी आणि गुडघ्यांनी काय ते आपसात ठरवलं आणि मला एका सत्यनारायणाच्या पूजेत कळवलं. आरतीला सगळे उठले, मीही उठायला लागले. गणपतीची आरती संपून देवीची सुरू झाली तेव्हा मी उभी होते.

बहिणीची मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. तिने हे पाहिलं आणि नंतर प्रसादाची वाटी बाजूला ठेवायला लावून माझी परीक्षा घेतली. ही परीक्षा ब्राझीलमधल्या क्लॉडिओ जिल आराउजो या डॉक्टरांची. 2012 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 51 ते 80 वयाच्या दोन हजारांवर माणसांचा अभ्यास मांडला होता. पायातलं काढायचं, काही न धरता जमिनीवर बसायचं आणि तसंच उठायचं. बसण्याचे 5 गुण, उठण्याचे 5. हात, गुडघा, कोपर, जे जे टेकवाल त्याचा एकेक गुण वजा. तोल गेला तर अर्धा. घाई करायची नाही, वेळेला गुण नाहीत.

मी बसताना एक हात टेकला, 4. उठताना आधी उजवा तळहात जमिनीवर, मग डावा गुडघा, मग उजव्या गुडघ्यावर हात (आपल्याच अंगाचा आधार, तरी गुण जातो, मी हुज्जत घालून पाहिली), आणि उभं राहिल्यावर एक झोकांडी. उरले दीड. एकूण साडेपाच. “आई गं” म्हटल्याचे गुण कापत नाहीत, ही परीक्षकांची उदारता.

“मावशी, घाबरू नकोस,” भाची म्हणाली. त्या अभ्यासात कमी गुणवाल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं होतं, हे तिने त्यानंतर सांगितलं. हात टेकल्याने कोणी मरत नाही, हेही सांगितलं. पायांची ताकद, सांध्यांचा लवचिकपणा, तोल आणि वजन या सगळ्यांचा हिशेब त्या एका उठण्यात दिसतो, एवढाच त्याचा अर्थ.

वयाबरोबर स्नायू कमी होतात, पण सगळे सारखे नाही. झटक्यात जोर लावणारे तंतू आधी आणि जास्त बारीक होतात. सावकाश काम करणारे टिकतात. म्हणून मी तासभर चालू शकते आणि जमिनीवरून उठताना मात्र अडते. चालणं म्हणजे व्यायाम झाला, ही माझी समजूत त्या दिवशी निकालात निघाली. गुडघ्यातल्या कटकट आवाजाचीही चौकशी केली. दुखत नसेल, सूज नसेल, तर त्याला वाजू दे, असं उत्तर मिळालं.

एवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “माझी घ्या की परीक्षा.” वय 81. बसताना एक हात, उठताना एक हात. 8 गुण. मग विळी घेऊन पुन्हा खाली बसल्या, कोथिंबीर चिरायची राहिली होती.

सासूबाईंचा जन्म जमिनीवर गेला. चूल जमिनीवर, जातं जमिनीवर, पंगत जमिनीवर, संडास उकिडवा. दिवसभरात त्या किती वेळा बसल्या-उठल्या असतील, ते कोणी मोजलं नाही आणि त्याला व्यायामही म्हटलं नाही. माझ्या संसारात ओटा आला, जेवणाचं टेबल आलं, कमोड आला. त्यातलं काही परत पाठवायची माझी तयारी नाही. चुलीपुढच्या धुरात त्यांचे डोळे अधू झाले, तेही मी पाहिलंय. पण माझ्या साडेपाचांत वयाइतकाच फर्निचरचा हात आहे, एवढं नक्की.

भाचीने उपाय दिला तो साधा. हात छातीशी घडी करून खुर्चीवरून उठायचं: उठताना जोरात, बसताना सावकाश, चारपर्यंत मोजत. धपकन बसलं तर निम्मा फायदा गेला. ते जमलं की बुटकं स्टूल, मग पाट. पाटापर्यंत मी अजून पोहोचलेले नाही. स्टूलवरून उठते, पण तोंडातून काहीतरी निघतंच.

तुम्हाला करून पाहायचं असेल तर भिंतीजवळ, कोणीतरी शेजारी असताना करा. गुडघा बदललेला असेल, चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हौसेने परीक्षेला बसवणार असाल, तर आधी स्वतःचे गुण जाहीर करू नका.