पक्कं बिल मिळेल का?

स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या माणसाला दुपारी दोन ते चार या वेळात कोणीही काहीही विकू शकतं. मला एकाने नोकरी विकायला काढली.

व्हॉट्सॲपवर निरोप आला की माझी ‘प्रोफाइल शॉर्टलिस्ट’ झाली आहे. पद सीनियर मॅनेजर, अकाउंट्स. पगार महिना एक लाख दहा हजार, काम घरबसल्या, आणि कंपनी रस्त्यावरच्या दर चौथ्या गाडीवर जिचं नाव असतं अशी. मी कुठेही अर्ज केलेला नव्हता, त्यामुळे शंका यायला हवी होती. ती आलीही; पण माझी शंका एवढीच की, यांना माझी आठवण व्हायला इतका उशीर का झाला?

मुलाखत चॅटवरच झाली. वय किती, शहर कोणतं, रुजू कधी होणार, संपली मुलाखत. अर्ध्या तासात ऑफर लेटर आलं. त्यावरचं बोधचिन्ह आडवं ताणल्यासारखं दिसत होतं आणि अभिनंदनाच्या इंग्रजी शब्दाचं शेवटचं अक्षर गळालं होतं. एका स्वल्पविरामासाठी ज्युनिअरचा मसुदा परत पाठवण्यात माझी हयात गेली. इथे मात्र मनात आलं, पोरगा नवीन दिसतोय, रुजू झाल्यावर शिकवू.

ईमेलचा पत्ताही मी पाहिला होता. कंपनीचं नाव, मग आडवी रेघ, मग `careers` आणि शेवटी `.com`. नाव दिसलं, समाधान झालं. असा पत्ता उजवीकडून वाचायचा असतो, हे मला नंतर कळलं. `.com`च्या लगेच डावीकडे, अलीकडच्या टिंबापर्यंत किंवा `@`पर्यंत जे असतं ते मालकाचं नाव. कंपनीचं नाव तिथे एकटं असेल तर पत्ता कंपनीचा. त्याला आडवी रेघ आणि शेपूट जोडलेलं असेल तर ते वेगळंच नाव झालं, आणि ते थोडक्या पैशांत कोणीही विकत घेऊ शकतो.

पत्रासोबत यादी होती. पॅन कार्ड, आधारच्या दोन्ही बाजू, रद्द केलेला धनादेश, आणि ‘डॉक्युमेंट व्हेरिफिकेशन’चे १,८५० रुपये अधिक जीएसटी. पहिल्या पगारासोबत परत मिळणार. पॅनचा फोटो मी उत्साहाच्या भरात लगेच पाठवला. पैशांपाशी मात्र हात थांबला. यात शहाणपण शून्य, नुसती सवय. जन्मात बिलाशिवाय पैसे दिले नाहीत. मी लिहिलं, ‘पक्कं बिल मिळेल का? जीएसटी नंबरसकट.’

त्या बिचाऱ्याला असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं असावं. तासाभराने बिल आलं, आणि मी चष्मा पुसून बसलो. उभ्या आयुष्यात मला नीट वाचता येतं ते एवढंच.

जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. इथे ०७, म्हणजे दिल्ली. असेल बुवा तिकडे ऑफिस. पुढची दहा अक्षरं म्हणजे नोंदणीदाराचा पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर मालक कोण ते सांगतं. कंपनी असेल तर C, एकटा माणूस असेल तर P. जीएसटी नंबरात ते सहाव्या जागी येतं. तिथे P होता. हजारो कामगारांची ही कंपनी कोणा एका गृहस्थाच्या नावावर चालत होती तर!

पण माझं डोकं खऱ्या अर्थाने फिरलं ते खालच्या ओळीवर. बिल दिल्लीचं, त्यावर पत्ता माझा पुण्याचा, आणि कर लावला होता सीजीएसटी १६६.५० आणि एसजीएसटी १६६.५०. परराज्यातल्या गिऱ्हाइकाला आयजीएसटी लागतो, सरळ ३३३ रुपये! एकूण रक्कम २,१८३ दोन्ही रीतींनी तीच येते, पण म्हणून काय झालं? `gst.gov.in`वर लॉगिन न करता नंबर शोधता येतो. शोधला, तर फर्निचरचं दुकान निघालं. त्या दुकानदाराला या भानगडीचा पत्ताही नसणार. नंबर त्याचाही उचललेलाच. उद्या कोणी खऱ्या कंपनीचा नंबर उचलून बिलावर छापला तर माझी ही सगळी विद्या वाया जाईल, हेही ओघाने आलंच.

मी पेटलो. दोन पानी उत्तर लिहायला घेतलं. सुरुवात आयजीएसटी कायद्यापासून, खाली माझं पूर्ण नाव, पत्ता, माजी हुद्दा. पाठवण्याआधी कौतुक करून घ्यावं म्हणून भाचीला फोनवर वाचून दाखवलं. ती भरती सल्लागार संस्थेत काम करते.

“मामा, त्याला टॅक्स शिकवताय?” ती म्हणाली. “पुढचं बिल तो बरोबर करेल.”

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“आणि आम्हाला पैसे कंपनी देते हो. बऱ्याचदा वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार. उमेदवाराकडून आम्ही कशाला घेऊ? तुम्ही काही पाठवलंत का?”

“फक्त पॅन,” मी म्हणालो. त्या ‘फक्त’वर ती जे बोलली ते मामाला बोलण्यासारखं नव्हतं.

तिने मग उत्तर कसं असतं ते सांगितलं. संशय नुसता असेल, खात्री नसेल, तर एकच उत्तर आणि त्यात स्वतःची नवी माहिती शून्य: ‘कृपया कंपनीच्या अधिकृत ईमेलवरून पद आणि जॉब आयडी कळवा. मी कोणतंही शुल्क भरत नाही. ऑफर पक्की झाल्यावर कागदपत्रं कंपनीच्या पोर्टलवरच देईन.’ दरम्यान कंपनीची वेबसाइट स्वतः टाइप करून उघडायची आणि तिथल्या नंबरवर विचारायचं. पत्रातला नंबर लावला तर फोन तोच पोरगा उचलणार. आधार कोणाला द्यायची वेळ आलीच तर ‘मास्क्ड’, ज्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि खात्री झाली की उत्तरच नाही. आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक. चॅट पुसायचं नाही, पुरावा तोच. पैसे गेले असते तर त्याच मिनिटाला १९३०, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गाठायची असते. माझे गेले नव्हते, तेव्हा `sancharsaathi.gov.in`वर ‘चक्षू’मध्ये तो निरोप कळवायचा.

माझी दोन पानं मी जड मनाने पुसली. त्यातला तिसरा परिच्छेद खरंच चांगला होता.

उरला पॅन. तो परत मागता येत नाही. त्याच्या जोरावर कोणी माझ्या नावे कर्ज काढलं तर ते क्रेडिट रिपोर्टमध्ये उमटतं, आणि प्रत्येक क्रेडिट ब्युरोने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नवं कर्ज तिथे दिसायला वेळ लागतो, म्हणून भाचीने आज एका ब्युरोचा आणि काही महिन्यांनी दुसऱ्याचा काढायला सांगितलं. फुकट म्हटल्यावर मी त्याच संध्याकाळी काढला. मोठ्या अक्षरांत हवा म्हणून घरच्या टीव्हीवर लावला. ही चूक नडली.

अनोळखी कर्ज एकही नव्हतं. शेवटी कॅमेऱ्याचं मात्र होतं. बारा हप्ते, दोन उशिरा भरलेले.

“अहो,” मागून आवाज आला, “तो कॅमेरा तुम्हाला ऑफिसने निरोपाला दिला होता ना?”