‘१९६२ ते १९६७, आमदार, कराड’

गौरवग्रंथांच्या शेवटच्या पानांवर आणि स्मरणिकांमध्ये नेत्यांचा जीवनपट छापतात, तेव्हा मतदारसंघ आणि वर्षांचा तक्ता बहुधा पाच-पाच वर्षांचे सारखे तुकडे पाडून केलेला असतो. निवडणुकीचे वर्ष घ्यायचे, त्यात पाच मिळवायचे आणि मोकळे व्हायचे. याचा मला मनापासून राग येतो, कारण खरी तारीख बहुतेक वेळा सापडू शकते. ती शोधण्याचे कष्ट कोणी घेतलेले नसतात, एवढेच.

यशवंतराव चव्हाणांचेच घ्या. वरचे शीर्षक मी अशाच एका तक्त्यातून घेतले आहे. १९६२ च्या विधानसभेत ते निवडून आले, हे खरे. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चीनशी युद्ध चालू असताना ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये नाशिकच्या पोटनिवडणुकीत बिनविरोध लोकसभेवर गेले. म्हणजे तक्त्यातली शेवटची चार वर्षे त्यांची नव्हेतच. शिवाय नाशिक हे नावच तक्त्यातून गळाले आहे. त्याच्या पुढची ओळ थेट ‘१९६७, सातारा’.

ही चूक कशी होते हे कळायला निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल उघडावेत. ते प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीचे वेगळे असतात. १९६२ चा लोकसभेचा अहवाल काढून नाशिक पाहिले तर विजेता दुसराच दिसतो. अहवाल बरोबरच असतो, कारण तो त्या निवडणुकीपुरता आहे. मधल्या पोटनिवडणुका त्यात येत नाहीत. त्यांचे निकाल वेगळे पाहावे लागतात, आणि बिनविरोध निवडीत तर मतांचे आकडेच नसतात. ‘अहवालात नाव नाही, म्हणून निवडच नाही’ असे ठरवणाऱ्याची इथे हमखास फसगत होते.

अहवाल शोधतानाही जपावे लागते. १९५२ ची विधानसभा ‘महाराष्ट्र’ या नावाखाली शोधून सापडणार नाही. ती मुंबई राज्याच्या नावावर आहे, आणि मथळ्यावर वर्षही १९५१ छापलेले आहे. १९५७ ची निवडणूक द्विभाषिक राज्याची, म्हणून तीही मुंबईच्याच नावावर. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झाले, हे लक्षात ठेवले की हा गोंधळ सुटतो.

त्यानंतर राजपत्र. निवडून आलेल्यांची नावे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ नुसार राजपत्रात प्रसिद्ध होतात. कलम ६७अ प्रमाणे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने निकाल घोषित केला तोच निवडून येण्याचा दिवस धरतात, राजपत्र छापले तो दिवस नव्हे. म्हणून राजपत्राच्या माथ्यावरची तारीख न उचलता अधिसूचनेच्या आतली वाचावी. जुन्या अंकांच्या नुसत्या छायाप्रती असतात, त्यामुळे नाव टाकून शोधण्यावर भिस्त ठेवता येत नाही. साधारण महिना आधी ठाऊक असावा लागतो, आणि तो बहुधा त्या काळच्या वर्तमानपत्रांतूनच मिळतो.

सुरुवातीची तारीख मिळाली तरी शेवट उरतोच. सदनाची पाच वर्षे पहिल्या बैठकीच्या ठरलेल्या दिवसापासून मोजतात, आणि सदन नेहमी तेवढीच वर्षे टिकते असेही नाही. चव्हाण १९७१ मध्ये साताऱ्यातून निवडून आले. त्या लोकसभेची मुदत आणीबाणीत वाढवली गेली आणि ती १८ जानेवारी १९७७ ला विसर्जित झाली. ‘१९७१ ते १९७६’ असे छापणाऱ्याने जवळजवळ एक वर्ष कापले. पुढची लोकसभा मात्र मुदतीआधीच, २२ ऑगस्ट १९७९ ला गेली. १९८० मध्ये ते पुन्हा साताऱ्यातून आले आणि २५ नोव्हेंबर १९८४ ला त्यांचे निधन झाले. शेवटाची यातली एकही तारीख निकालाच्या अहवालात दिसत नाही.

पदाची वर्षे तर खासदारकीच्या रकान्यात घालूच नयेत. जुलै १९७९ मध्ये चरणसिंगांच्या मंत्रिमंडळात चव्हाण उपपंतप्रधान झाले, पुढच्याच महिन्यात लोकसभा विसर्जित झाली आणि सरकार काळजीवाहू म्हणून जानेवारी १९८० पर्यंत राहिले. त्या महिन्यांत ते देशाचे उपपंतप्रधान होते आणि लोकसभेचे सदस्य नव्हते, कारण लोकसभाच नव्हती. एकाच रकान्यात ‘१९७७ ते १९८०, सातारा’ लिहिले की ही गोष्ट पुसली जाते. मंत्र्यांच्या नियुक्तीची आणि खातेवाटपाची अधिसूचना राजपत्राच्या असाधारण अंकात वेगळी निघते. ती पाहून पदासाठी दुसरा रकाना आखायला कागदाची अर्धी पट्टी पुरते.