जावक क्रमांक अकरा

आमच्या रनिंग क्लबचे कार्यवाह धावतात बेताचंच, पण पत्रं मात्र जोरात लिहितात. बँकेतून निवृत्त होताना त्यांनी घड्याळ, शाल आणि श्रीफळ यांच्यासोबत एक जावक नोंदवहीची सवयही घरी आणली. क्लबला नोंदणी नाही, कार्यालय नाही, बँकेत खातं नाही. पण जावक क्रमांक आहे. पहाटे सव्वापाचला पोवई नाक्यावर जमणाऱ्या अडतीस माणसांपैकी कुणालाही ते व्हॉट्सअॅपवर नुसतं ‘उद्या या’ असं लिहीत नाहीत. ‘विषय : उद्याच्या धावण्याबाबत’ अशीच त्यांची सुरुवात असते.

असा माणूस गल्लीगल्लीतल्या क्लबात एकेक तरी असतोच. त्याचा एकच गाढ विश्वास असतो : आपण धावतो तेव्हा जग बघत असतं. पहाटेच्या अंधारात आम्हाला प्रत्यक्ष बघतात ते दूधवाले, पेपरवाले आणि कुत्री. त्यातली कुत्री तेवढी लक्षपूर्वक बघतात. कार्यवाह मात्र याला ‘व्हिजिबिलिटी’ म्हणतात, आणि ती विकता येते असं त्यांचं मत आहे.

ती विकायचा हंगाम म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीची सातारा हिल हाफ मॅरेथॉन. २०१२ साली सुरू झालेली ही एकवीस किलोमीटरची स्पर्धा यवतेश्वरचा घाट चढवते आणि त्याच रस्त्यानं खाली आणते. बाहेरगावचे हजारो लोक येतात, रस्त्याच्या कडेला गावकरी उभे राहतात. अशा दिवशी क्लबानं एकसारख्या टी-शर्टांत दिसावं आणि टी-शर्टांचे पैसे दुसऱ्यानं द्यावेत, ही कार्यवाहांची दोन वार्षिक उद्दिष्टं. या खेपेला त्यांची नजर नाक्यापलीकडच्या हार्डवेअरच्या दुकानावर गेली. नळ, पाइप, टाक्या, बाथरूमची फिटिंग. दुकान जुनं आणि चालतं.

पत्र दोन पानी होतं. ‘महोदय, स.न.वि.वि. आपण आमच्या परिसरातील एक अग्रगण्य व दूरदृष्टीचे उद्योजक आहात, हे आम्ही जाणून आहोत. निरोगी समाज हीच खरी संपत्ती, या भावनेतून आमचा क्लब अहोरात्र कार्यरत आहे.’ (आम्ही आठवड्यातून तीन दिवस पळतो, तेही पाऊस नसेल तर.) पुढे सुवर्ण, रौप्य आणि कांस्य असे प्रायोजकांचे तीन वर्ग. सुवर्णला रुपये पंचवीस हजार, मोबदल्यात ‘टी-शर्टच्या दर्शनी भागावर ठळक नाममुद्रा व हजारो डोळ्यांसमोर आपली प्रसिद्धी’. मागणीचा आकडा दुसऱ्या पानावर, तळाशी, सहीच्या जरा वर. मागणं उशिरा सांगितलं की ते कमी वाटतं, असा त्यांचा अनुभव असावा. कर्ज मागणारे त्यांच्यासमोर तीस वर्षं असेच बसत आले होते.

पत्र द्यायला ते मला घेऊन गेले, कारण ‘शिष्टमंडळ’ म्हटलं की निदान दोन माणसं लागतात. पोच घ्यायला पत्राची दुसरी प्रत होतीच.

शेठनी चष्मा लावला आणि पत्र शेवटाकडून वाचायला घेतलं. बिलं तपासून तपासून त्यांची ती रीतच झाली होती. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

“साहेब, ‘यामुळे आपल्या क्लिनिककडे येणाऱ्या रुग्णांत वाढ होईल’ असं लिहिलंय. दुकानात रुग्ण कशाला वाढवायचे?”

तेच पत्र आदल्या दिवशी एका फिजिओथेरपिस्टकडे गेलं होतं. जावक क्रमांक दहा. वरचं नाव बदललं होतं, खालचा परिच्छेद तसाच राहिला होता. कार्यवाह जराही डगमगले नाहीत. “रुग्ण म्हणजे ग्राहक, शेठ. व्यापक अर्थानं.”

“बरं. पंचवीस हजार कशाचे?”

“टी-शर्टचे.”

“किती नग?”

“अडतीस. साडेतीनशेला एक.”

शेठनी कॅल्क्युलेटर जवळ ओढलासुद्धा नाही. “तेरा हजार तीनशे झाले. उरले अकरा हजार सातशे.”

“बॅनर, अल्पोपाहार आणि संकीर्ण.”

“संकीर्ण म्हणजे?”

“संकीर्ण म्हणजे,” कार्यवाह म्हणाले, “संकीर्ण.”

प्रायोजकत्वाची बहुतेक पत्रं इथंच मरतात. दुकानदार पैसे द्यायला नकार देत नाही, तो आकड्याला नकार देतो. तेरा हजार तीनशे म्हणजे अडतीस कपडे हे त्याला डोळ्यांसमोर दिसतं. पंचवीस हजार म्हणजे काय, हे त्याला दिसत नाही आणि मागणाऱ्यालाही सांगता येत नाही.

मग शेठनी दुसरा प्रश्न विचारला. तो इतका साधा होता की क्लबात आजवर कुणाला सुचला नव्हता. “माझं नाव टी-शर्टवर कुठं येणार?”

“छातीवर! मधोमध! मानाची जागा.”

“आणि तुमचा नंबरचा कागद कुठं लावता?”

मी कार्यवाहांकडे पाहिलं. त्यांनी दुकानातल्या टाक्यांकडे पाहिलं. बिब, म्हणजे तो नंबरचा कागद, वहीच्या पानाएवढा असतो आणि चार सेफ्टी पिना लावून छातीवर मधोमध टाचतात. त्याखाली गेलेली जाहिरात घरून निघताना बायकोला दिसते, त्यानंतर घरी परतेपर्यंत कुणालाच नाही. स्पर्धेतले फोटो तर झाडून सगळे समोरूनच काढलेले. त्यांत नंबर दिसतो, दात दिसतात, दुकान दिसत नाही. मागच्या साली एका प्रायोजकाचं नाव असंच अडतीस बिबांखाली सुखानं झोपलं होतं. त्यांना आभाराचं पत्र गेलं होतं, जावक क्रमांकासह.

“बिबच्या वर, गळ्याखाली चार बोटांची पट्टी उरते,” मी सुचवलं. “नाव तिथं बारीक घ्यावं, फोटोसाठी. मोठं नाव पाठीवर.”

“पाठीवर क्लबाचं नाव आहे,” कार्यवाह दुखावल्या सुरात म्हणाले.

“घाटात माणूस काय बघतो?” शेठनी मला विचारलं.

आता यवतेश्वरचा घाट मी ज्या गतीनं चढतो, त्या गतीनं आजूबाजूचं बरंच काही बघून होतं. खरं सांगायचं तर बघितली जाते ती पुढच्याची पाठ. चढावर धावणाऱ्यांचं चालणं होतं, चालणाऱ्यांचं रेंगाळणं होतं, आणि समोरची एकच पाठ पाच-पाच मिनिटं डोळ्यांसमोर राहते. त्या पाठीवर काय लिहिलंय ते इच्छा नसली तरी पाठ होतं.

“तुम्हाला किती वेळ लागतो?”

“तीन तास. थोडं इकडेतिकडे.”

“म्हणजे तुम्हाला ओलांडून किती जण जात असतील?”

“जवळजवळ सगळेच.”

“आणि तुमच्यातला सगळ्यात पहिला कोण, त्याला?”

“त्याला कोण ओलांडणार, शेठ! त्याच्या मागं असतात ते फार लांब.”

शेठनी चष्मा काढला, माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि कार्यवाहांना म्हणाले, “साहेब, जाहिरात तर इथं आहे. आणि पत्रात ह्यांचा उल्लेखसुद्धा नाही.”

क्लबात इतकी वर्षं काढून मला एवढा मान पहिल्यांदाच मिळाला.

यानंतर फक्त पैशांचा मार्ग ठरायचा होता आणि तोच खडबडीत निघाला. चेक कुणाच्या नावे? क्लबला खातं नाही. कार्यवाह स्वतःच्या नावे घ्यायला तयार होते, कारण त्यांच्या प्रामाणिकपणावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. शेठचाही होता, पण शेठच्या सीएचा असायचं कारण नव्हतं. पावती नाही, ८०जी नाही, मग ही रक्कम देणगी म्हणून दाखवायची कशी? आणि जाहिरात म्हणायची तर बिल कुठं? रोखीनं द्यायला शेठ तयार नव्हते. दहा हजारांवरचा रोखीचा खर्च सीए धरत नाही, हे त्यांना मागच्याच महिन्यात ऐकावं लागलं होतं. तोडगाही त्यांनीच काढला. टी-शर्ट छापणाऱ्यानं बिल थेट दुकानाच्या नावे करायचं, दुकानानं त्याला चेक द्यायचा, आणि वहीत लिहायचं ‘जाहिरात खर्च’. क्लबाच्या हाताला पैसा लागणार नाही, फक्त कपडे लागतील. कार्यवाहांना हे जड गेलं. संकीर्णला यात जागाच उरली नव्हती.

त्यांनी घरी जाऊन पत्र नव्यानं लिहिलं आणि मला मानावं लागेल, ते एका पानात बसलं. पहिल्या ओळीत मागणं : अडतीस टी-शर्ट, रुपये तेरा हजार तीनशे, बिल आपल्या नावे. दुसऱ्या परिच्छेदात मोबदला : पाठीवर दुकानाचं नाव एका वितीच्या रुंदीत, गळ्याखाली बारीक, स्पर्धेनंतर आठ दिवसांत पाठीचे आणि समोरचे फोटो. तिसऱ्यात तारीख, कोणत्या दिवसापर्यंत नाममुद्रेची फाइल लागेल ती. ‘दूरदृष्टीचे उद्योजक’ एकदाच आलं, तेही शेवटी. हेच ते जावक क्रमांक अकरा, सुधारित.

फाइलचा मात्र घोळ झालाच. छापणाऱ्याला हवी असते कोरल ड्रॉची फाइल, म्हणजे ज्यातलं अक्षर कितीही मोठं केलं तरी कडा फुटत नाही. शेठकडे नाममुद्रा अशी एकच होती, दुकानाच्या पाटीवर, कधीकाळी पेंटरनं रंगवलेली. त्यांनी मोबाइलवर पाटीचा फोटो काढून पाठवला. फोटोत पाटीवरून विजेची तार गेली होती. नमुन्याचा पहिला टी-शर्ट आला तेव्हा तारही इमानदारीनं छापलेली होती, कावळ्यासकट. छापणाऱ्यानं मग अक्षरं पुन्हा गिरवून घेतली आणि त्याचे चारशे रुपये वेगळे लावले. कार्यवाहांनी ते खिशातून दिले आणि वहीत त्यांची नोंद ‘संकीर्ण’ अशी केली. तेवढं समाधान त्यांना मिळायला हवंच होतं.

स्पर्धा झाली. आमचा पहिला गडी पावणेदोन तासांत परत आला. त्याची पाठ कुणी पाहिली असेल तर रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरनं. मी घाटात माझी जाहिरात करत होतो. तिसऱ्या वळणावर मागून कोल्हापूरकडच्या बोलीत आवाज आला, “ओ काका, हे दुकान कुठंशी आलं? घराचं काम काढलंय.” मी धापा टाकत पत्ता सांगितला. तो दुपारी खरंच गेला आणि दोन नळ आणि एक शॉवर घेऊन गेला, असं शेठनी नंतर कळवलं.

कळवलं तेही लेखी. कार्यवाहांच्या आवक नोंदवहीत आजवर एकच पान होतं आणि तेही कोरं. शेठचं पत्र दुकानाच्या बिलबुकाच्या मागं लिहिलेलं होतं. पुढच्या सालीही टी-शर्ट देऊ, मात्र अडीच तासांच्या आत येणाऱ्यांच्या पाठीवर नाव छापण्याचा खर्च करू नये, असं त्यांनी नमूद केलं होतं.

कार्यवाह सध्या क्लबातल्या सगळ्यांच्या वेळा तपासत आहेत. मला त्यांनी परवा बाजूला घेतलं आणि इंटरव्हल ट्रेनिंगला येऊ नका म्हणून सांगितलं. लेखी सूचना मागून येतेय.