पाच लिटर पाणी, एक किलो बर्फ आणि भाऊजींची सरासरी

मराठी माणसाला बर्फाचा अंदाज नसतो. साखर किती, मीठ किती, पाहुणे किती आणि त्यातले खरंच येणार किती, हे सगळं त्याला बोटांवर सांगता येतं. बर्फाचं विचाराल तर तो म्हणतो, ‘‘आणा की थोडा जास्तच!’’ म्हणून मुंजी-बारशात एक तर सरबत कोमट असतं, नाही तर इतकं गार, की प्यायल्यावर पाहुणा आहेर द्यायचा विसरून कपाळ चोळत बसतो.

आमच्याकडे मुंज होती. गाव अकोला, महिना मे. तिथल्या मे महिन्याबद्दल अधिक लिहीत नाही. गच्चीवरच्या टाकीचं पाणी सावलीत मुरवूनसुद्धा ३५ अंशांखाली उतरत नव्हतं, एवढं पुरे. त्यातलं पाच लिटर पाणी आम्ही कोकम सरबतासाठी झाकणाच्या जाड जगमध्ये भरलं. या जगच्या दोन भिंतींमध्ये फोम असतो. आतली उष्णता बाहेर जात नाही आणि बाहेरची फारशी आत येत नाही, त्यामुळे जो काही देवाणघेवाणीचा तंटा व्हायचा तो बर्फ आणि पाणी यांच्यातच. फॅक्टरीतून आणलेला एक किलो बर्फ गोणपाटात तयार होता. प्रश्न इतकाच, की सरबत किती गार होईल?

भाऊजी बँकेत आहेत. व्याजाच्या सरासऱ्या काढण्यात त्यांची हयात चालली आहे. त्यांनी पंगतीच्या यादीमागे गणित मांडलं. पाच किलो पाणी ३५ अंशांवर, एक किलो बर्फ शून्यावर; पाच गुणिले पस्तीस एकशे पंचाहत्तर, भागिले सहा. ‘‘एकोणतीस अंश. कोमट! अजून बर्फ आणा.’’

‘‘बाबा, बर्फ वितळायचे पैसे कोण देणार?’’ चिनूनं विचारलं. चिनू म्हणजे त्यांचीच कन्या, दहावीची, उष्णतेचं प्रकरण ताजं पाठ झालेली.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळी मेख इथेच आहे. शून्य अंशाचं पाणी आणि शून्य अंशाचा बर्फ यांना तापमापक एकाच मापानं मोजतो, पण दोघांचा स्वभाव एक नव्हे. एक किलो पाणी एका अंशानं तापवायला एक किलोकॅलरी लागते. (बिस्किटाच्या पुड्यावर छापतात ती हीच, आहारवाले तिला नुसती कॅलरी म्हणतात.) शून्याच्या एक किलो बर्फाचं शून्याचंच पाणी करायला मात्र ८० किलोकॅलरी लागतात, आणि तेवढ्या गिळूनही त्याचं तापमान केसभर वाढत नाही. बर्फ म्हणजे वरपक्षाकडचे आत्याचे यजमान. मानपान पुरता झाल्याशिवाय जागचे हलायचे नाहीत. या मानपानाला पुस्तकात अप्रकट उष्मा म्हणतात.

अठराव्या शतकात ग्लासगोला जोसेफ ब्लॅक नावाच्या प्राध्यापकानं हे ओळखलं. त्याचा युक्तिवाद बिनतोड होता. वितळायला फारशी उष्णता लागत नसती, तर हवा शून्याच्या जरा वर जाताच डोंगरावरचा सगळा बर्फ एकदम पाणी होऊन खालची गावं वाहून गेली असती. ती जात नाहीत, बर्फ आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, म्हणजे तो काहीतरी मुकाट्यानं खात असणार.

आता चिनूचं गणित. पाच किलो पाण्याजवळ, शून्यापर्यंत उतरलं तर द्यायला, १७५ किलोकॅलरी आहेत. त्यातल्या ८० बर्फ वितळण्यातच खर्ची पडल्या. उरल्या ९५. आता जगमध्ये सगळं मिळून सहा किलो पाणी आहे, म्हणून ९५ भागिले ६. सुमारे १६ अंश! भाऊजींच्या एकोणतीसमधले तेरा अंश एकट्या मानपानानं पळवले.

भाऊजी एवढ्यानं हरणारे नव्हेत. ‘‘फॅक्टरीचा बर्फ नको, आपल्या फ्रीजरचा घाला. तो उणे अठराचा असतो, जास्त गार!’’ हाही लोकप्रिय समज. पण बर्फाला एका अंशानं तापायला पाण्याच्या निम्मीच उष्णता लागते. उणे १८ वरून शून्यावर यायला एक किलो बर्फ फक्त ९ किलोकॅलरी घेतो. सरबत १६ ऐवजी साधारण सव्वाचौदा अंशांचं होतं. बर्फाची खरी कमाई वितळण्यात आहे, तो किती गारठलाय यात नाही.

‘‘मग तीन किलो घाला!’’ भाऊजी हट्टाला पेटले आणि त्यांनी चिनूच्याच रीतीनं हिशेब मांडला. मानपानाचे तीन गुणिले ऐंशी दोनशे चाळीस, एकशे पंचाहत्तरातून दोनशे चाळीस वजा, उणे पासष्ट, भागिले आठ. उत्तर उणे आठ अंश. माझी बायको लांबूनच म्हणाली, ‘‘भाऊजी, सरबत प्यायचंय, फोडायचं नाही.’’

परीक्षेत निम्मा वर्ग इथेच आपटतो. सूत्र बिचारं प्रामाणिक असतं. सगळा बर्फ वितळला असं आपण त्याला आधीच सांगून बसलेलो असतो आणि ते आपल्यावर विश्वास ठेवतं. नुसत्या पाण्यात शून्याचा बर्फ घालून उणे उत्तर आलं, की समजावं, बर्फ पुरता वितळलेलाच नाही. पाण्याची पुंजी १७५; ऐंशीनं भागली की २.१९. म्हणजे सुमारे दोन किलो एकशे नव्वद ग्रॅम बर्फ वितळेल, उरलेला आठशे ग्रॅम तसाच तरंगत राहील, आणि तापमान शून्य. त्यानंतर आणखी दहा किलो ओता, तापमान शून्यच. फक्त जगचं झाकण लागणार नाही.

अखेर एक किलो बर्फ पडला. सगळा विरेपर्यंत ढवळलं. मापायला आईनं तापाचा थर्मामीटर आणून दिला, पण तो पस्तिसाच्या आसपास सुरू होतो. त्याच्या लेखी सरबत मेलेलंच होतं. मग भाच्याच्या माशांच्या टाकीतला थर्मामीटर धुऊन घेतला. आकडा आला सतरा.

‘‘एक अंश कुठे गेला?’’ भाऊजींनी हिशेबनीसाच्या आवाजात विचारलं.

चिनूनं गोणपाटाकडे बोट दाखवलं. बर्फ ओला होता. किलोभर म्हणून तोललेल्या बर्फात शंभर ग्रॅम जरी आधीच वितळलेलं पाणी असलं, तरी मानपानाला उरतो फक्त नऊशे ग्रॅम, म्हणजे ७२ किलोकॅलरी, आणि उत्तर सतरावर सरकतं. प्रयोगशाळेत बर्फ टिपकागदानं पुसून का घालायला सांगतात, ते यासाठी. शिवाय जगची आतली भिंतही पस्तिसाची होती, तीही आपला वाटा देते. आणि झाकण उघडून ‘‘झालं का गार?’’ असं विचारणाऱ्या प्रत्येक काकूंबरोबर अकोल्याची थोडी हवा आत जाते. गणितातलं भांडं पूर्ण उष्मारोधक असतं, कारण गणितात काकू नसतात.

तेव्हा वाचकहो, पुढच्या कार्याला एवढं करा. पाण्याचे किलो गुणिले त्याचे अंश, भागिले ऐंशी. जेवढे किलो येतील त्याहून जास्त बर्फ घालून पाणी आणखी गार होत नाही. माणसांना पिण्याजोगं पंधरा-सोळा अंशांचं सरबत हवं असेल, तर अकोल्याच्या पाण्याला पाच लिटरमागे किलोभर बर्फ पुरतो. फक्त तो पुसून घाला, आणि उरलेला परत न्यायला गेलात तर फॅक्टरीवाला घेत नाही.