चप्पल न काढता पंख्याचं निदान करणाऱ्या मिस्त्रींना



विरार पश्चिमेत आमच्या तिसऱ्या मजल्यावर ऐन मे महिन्यात आपले पाय लागले, तेही चपलेसकट आणि उंबऱ्यापर्यंतच. तिथूनच आपण मान वर केली, बैठकीच्या खोलीतल्या पंख्याची ‘घूंऽऽ’ क्षणभर ऐकली आणि जाहीर केलंत, "वाइंडिंग गेलं. भरून घ्या, नाहीतर नवीन आणा." शिडी नाही, मीटर नाही. व्हिजिटचे दोनशे रुपये मात्र मोजून घेतलेत. नाडी न बघता रोग सांगणारे वैद्य पूर्वी होते म्हणतात. आम्हाला प्रत्यक्ष दर्शन घडलं.

आपण गेल्यावर मी एक अडाणीपणा केला. पंखा फुल्लवर चालू ठेवला. पाती एकेक मोजता येतील इतका तो हळू फिरत होता. मग बटण बंद करून कान दिला. गुणगुण त्याच क्षणी थांबली आणि पाती मात्र आवाज न करता बराच वेळ फिरत राहिली. मिस्त्री, एवढ्यावर बेअरिंग निर्दोष सुटलं. गुणगुण विजेची असते, वीज गेली की ती जाते. बेअरिंगची खरखर पात्यांसोबत शेवटच्या फेऱ्यापर्यंत येते. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत बेअरिंगमधलं ग्रीस सुकेळीसारखं आटून चिकट होतं. तसं झालं असतं तर हाताने फिरवलेला पंखा दोन फेऱ्यांत अडला असता.

उरले दोघे, कंडेन्सर आणि वाइंडिंग. पंख्यात तारेची गुंडाळी एक नसते, दोन असतात. दुसरीला वीज कंडेन्सरमधून मिळते, म्हणून तिचा जोर पहिलीच्या वेळेपेक्षा सरकून लागतो आणि त्या अंतरामुळेच पंखा गोल फिरतो. बोरिवलीला विरार लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्याला मागून वेळेवर रेटा मिळाला नाही तर तो आत जात नाही, नुसता कण्हतो. आमचा पंखा तसाच कण्हत होता. कंडेन्सर पुरता मेला असता तर पंखा जागचा हलला नसता. बटण बंद असताना हाताने गती देऊन मग चालू केलं असतं, तर जिकडे ढकललं तिकडे, अगदी उलटाही, फिरला असता. आमचा सुलटाच पण रडत फिरत होता, म्हणजे कंडेन्सर अर्धमेला.

मेन स्विच पाडला. नुसतं बटण पुरत नाही, कारण बोर्डात वायर उलटी जोडली असेल तर बटण बंद असूनही वर करंट असतो (अशी जोडणी कोण करतं, हे आपणच जाणता). छताजवळची वाटी खाली सरकवली, कंडेन्सरच्या दोन्ही तारांची टोकं प्लॅस्टिकची मूठ असलेल्या स्क्रूड्रायव्हरने एकमेकांना टेकवून उरलासुरला साठा उतरवला आणि सोडवून मीटर लावला. अंगावर छापलंय 2.5 मायक्रोफॅरड, भरलं 1.4. नव्याला पाच टक्के इकडेतिकडे माफ असतात. हा निम्म्यावर आला होता. आतल्या प्लॅस्टिकच्या फितीवर धातूचा पातळ मुलामा असतो. फितीला बारीक छिद्र पडलं की तिथला मुलामा जळून जातो आणि कंडेन्सर स्वतःच ती जखम बुजवतो. प्रत्येक बुजवणीत थोडा मुलामा मात्र कमी होतो. म्हणून पंखा एका रात्रीत बसत नाही, दोन-तीन उन्हाळे हळू होत जातो आणि आपण व्होल्टेजला शिव्या देतो.

साठ रुपयांचा नवा 2.5 चाच बसवला. दुकानदार "4 चा टाका, वारा जोरात येईल" म्हणत होता. येतो थोडा, पण दुसऱ्या गुंडाळीतून जास्त करंट जाऊन ती तापते. मग आपलं निदान पुढल्या मेमध्ये खरं ठरतं.

वाइंडिंग खरंच जातं, नाही असं नाही. नवा कंडेन्सर घालूनही गुणगुण तशीच राहिली, पंधरा मिनिटांत बॉडीला हात लावता येईना, करपलेल्या वार्निशचा वास आला, तर आपण म्हणाल ते खरं. पंख्यातून येणाऱ्या तीन तारांमध्ये दोन-दोन करून रोध मोजला तर दोन लहान आकड्यांची बेरीज तिसऱ्याइतकी यायला हवी. न आली तर गुंडाळी तुटली किंवा दोन्ही गुंडाळ्या एकमेकींना चिकटल्या. एकाच गुंडाळीतले थोडेसेच वेढे आपसात चिकटले असतील तर मीटरही फसतो, तेव्हा तापण्यावरच विश्वास ठेवायचा. आणि आवाज फक्त रेग्युलेटर दोन-तीनवर असताना येतो, पाचवर नाही, तर दोष रेग्युलेटरचा, पंख्याला हातही लावू नये.

आमचा पंखा आता पाती दिसू देत नाही. जुना कंडेन्सर पाकिटात घालून शोकेसवर ठेवलाय. घ्यायला या, येताना मीटर आणा आणि चप्पल दाराबाहेर काढा.

आपला,
दोनशे साठ रुपयांत शहाणा झालेला एक विरारकर